पोहेवाला कुठं उभा राहतो ते बघा, तीन वर्षांनी शटर कुठं उघडेल ते कळतं

नवीन नाश्ता सेंटर, बेकरी, मेस कुठं चालेल असं विचारलं की दहापैकी आठ जण सांगतात, जिथं गर्दी आहे तिथं. गाळे बघणं, दाखवणं आणि भाड्यानं लावून देणं हेच माझं काम आहे नागपुरात, म्हणून सांगतो की नुसत्या गर्दीवर गाळा घेणारे लोक दोन वर्षांत शटर पाडताना बघितलेत. गर्दी आज दिसते, म्हणजे ती घरमालकालाही दिसते आणि भाडं त्याच हिशोबानं लागतं. धंदा उघडायचा असेल तर बघायचं असतं ते हे की लोकांचं थांबणं कुठं सरकतंय. माणूस रोज घरून कामाला जातो आणि परत येतो, या जाण्यायेण्यात तो एखाद-दोन वेळा कुठंतरी थांबतो, खातो किंवा घरी न्यायला काही घेतो. ही थांबायची जागा आणि वेळ बदलली की त्यानंतर दोन-तीन-चार वर्षांनी तिथं दुकानं येतात. आधी सवय बदलते, दुकान मागून येतं, आणि या मधल्या काळात जो बघून ठेवतो त्याला गाळा स्वस्तात मिळतो, एवढाच सगळा खेळ आहे.

वर्धा रोडचंच घ्या. तिथं 3.14 किलोमीटरचा डबल डेकर पूल आहे, खाली रस्ता, त्याच्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो, 2020 च्या नोव्हेंबरात सुरू झाला. वाहनं मोजली तर आकडा जबरदस्त येईल. पण उड्डाणपुलावरून सरळ निघून जाणारा माणूस खालच्या दुकानदाराच्या काय कामाचा? तो थांबूच शकत नाही. म्हणजे एकाच रस्त्यावर तीन वेगवेगळी गर्दी आहे, पुलावरची शून्य कामाची, खालच्या रस्त्यावरची बऱ्यापैकी कामाची, आणि मेट्रोची फक्त स्टेशनच्या जिन्यापाशी कामाची, दोन स्टेशनांच्या मधे तिचा काही उपयोग नाही. कोणी "या रोडवरून रोज इतके हजार लोक जातात" असं सांगून गाळा गळ्यात मारत असेल तर त्याला विचारायचं, भाऊ, यातले थांबतात किती?

आता थांबणं कशावर ठरतं ते बघू, कारण इथंच खरी गंमत आहे. टू-व्हीलरवाला माणूस कुठंही थांबू शकतो, पण तो थांबतो डाव्या हाताला. आपण डावीकडून चालतो, सकाळी घाईत कोणी डिव्हायडर ओलांडून पलीकडं चहा प्यायला जात नाही. त्यामुळं रस्त्याच्या दोन बाजू म्हणजे दोन वेगळे बाजार असतात. कामावर जाताना जी डावी बाजू असते तिथं पोहे, चहा, समोसा चालतो, आणि परत येताना जी डावी बाजू असते तिथं भाजी, दूध, ब्रेड, केक, मेडिकल, पोळी-भाजी. समोरासमोरचे दोन गाळे, सारखं भाडं, सारखी साइज, आणि एकात नाश्ता सेंटर टाकलं तर पळतं, दुसऱ्यात तेच टाकलं तर बसतं. बेसा, बेलतरोडी, मनीषनगर या बाजूनं सकाळी वर्धा रोडकडं निघणारा लोंढा आणि संध्याकाळी परत फिरणारा लोंढा एकदा बघून घ्या, कोणत्या बाजूला काय टिकलंय ते आपोआप दिसेल.

मेट्रोवाल्याचं वेगळं आहे. तो सकाळी घराजवळच्या स्टेशनवर खात नाही. कारण त्याच्या डोक्यात गाडी असते, चुकली तर पुढचीसाठी प्लॅटफॉर्मवर उभं राहावं लागेल. तो खातो उतरल्यावर, कारण आता ऑफिस इथून किती मिनिटं आहे ते त्याला पक्कं माहीत असतं, हातात पाच-दहा मिनिटं आहेत हे कळलं की माणूस पोह्याच्या ठेल्यापाशी थांबतो, तर्री मारून घेतो आणि पुढं जातो. संध्याकाळी बरोबर उलटं. बर्डीला, म्हणजे सीताबर्डी स्टेशनला, चढताना घाई असते, घराजवळच्या स्टेशनला उतरला की घाई संपते, मग तो तिथं थांबतो. थोडक्यात, जिथं वेळेची धाकधूक संपते तिथं खाणं सुरू होतं. म्हणून एकाच स्टेशनवर सकाळी लोक चढतात जास्त की उतरतात जास्त हे बघणं एकूण प्रवासी मोजण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. सकाळी उतरणारे जास्त, तर तिथं नाश्ता आणि दुपारचं जेवण येणार. सकाळी चढणारे जास्त, तर तिथं संध्याकाळचा धंदा येणार.

आणि मेट्रोचं खरं दार जिन्यापाशी नसतंच कधीकधी, ते असतं जिथं ई-रिक्षा आणि शेअर ऑटो उभे राहतात तिथं. माणूस जिना उतरून सरळ तिकडं चालत जातो, सीट भरेपर्यंत चार-पाच मिनिटं थांबतो, आणि त्या चार-पाच मिनिटांवर चहा, भुट्टा, मोमो सगळं चालतं. ई-रिक्षावाल्यांनी उभं राहायची जागा पन्नास फूट जरी सरकवली तरी महिनाभरात ठेले मागे मागे जातात.

तिसरा प्रकार म्हणजे कंपनीच्या बसनं जाणारा. मिहानमधल्या आयटी कंपन्या असोत की बुटीबोरी-हिंगण्याचे कारखाने, बस ठरलेल्या चौकात ठरलेल्या वेळेला येते आणि लोक दहा मिनिटं आधीच येऊन उभे राहतात. इथं गर्दी लहान, वीस-पंचवीस माणसं, पण रोज तीच आणि त्याच वेळेला. पोहेवाल्याला असलं गिऱ्हाईक लई आवडतं कारण किती घमेलं भिजवायचं ते त्याला आदल्या रात्रीच माहीत असतं. पण यातून शटरचं दुकान सहसा उभं राहत नाही, पंचवीस प्लेटांत गाळ्याचं भाडं निघत नाही. हे लक्षात ठेवा, पुढं हिशोबात येईल.

मग हे सगळं होऊन दुकान यायला दोन-तीन वर्षं का लागतात, लगेच का येत नाही? कारण प्रत्येक प्रकारच्या धंद्याला हलायला वेगळा वेळ लागतो. ठेलेवाला आठ दिवसांत जागा बदलतो, त्याचं नुकसान झालं तर एका दिवसाच्या पोह्यांचं. घरून डबे देणारी बाई महिना-दोन महिन्यांत सुरू करते, व्हॉट्सअॅपवर सोसायटीच्या ग्रुपमध्ये मेन्यू टाकला की झालं. त्यानंतर येतो छोट्या गाळ्यावाला, त्याला डिपॉझिट, फर्निचर, गॅसचं कनेक्शन, फूड लायसन्स लागतं, तो आधी वर्षभर ठेल्यावरची गर्दी बघतो, खात्री झाली की मग उतरतो. आणि सगळ्यात शेवटी ब्रँडवाला. त्याचा करार मोठा, बहुतेक वेळा नऊ वर्षांचा, तीन तीन तीन असा, आतलं काम लाखांचं, त्यामुळं त्याला आसपासच्या छोट्या दुकानांचा धंदा डोळ्यांनी दिसल्याशिवाय तो सही करत नाही. म्हणून ठेला हा पहिला इशारा आहे. पण एक ठेला म्हणजे काहीच नाही, बघायचं असतं ते टिकलेले ठेले. एका जागी एकाच पदार्थाचे दोन ठेले वर्षभर उभे राहिले आणि दोघांचंही चाललं, तर तिथली मागणी एका माणसाच्या हातातली राहिली नाही. मी तिथं गाळ्यांची चौकशी सुरू करतो.

यात एक घोळ आहे, ठेले नसतील म्हणजे मागणी नाही असं मात्र धरायचं नाही. मनपाचं अतिक्रमण पथक एखाद्या चौकातून ठेले उचलतं, मग तो चौक रिकामा दिसतो, पण माणसं तशीच उतरतात, फक्त त्यांना खायला काही राहत नाही. अशा वेळी मी आजूबाजूच्या किराणा दुकानात बघतो, सकाळी आठ ते दहा बिस्किटाचे छोटे पुडे आणि केकचे तुकडे किती जातात. भुकेला माणूस काहीतरी घेतोच.

आता सरकारी आकड्यांचं. लोक विचारतात की डेटा कुठं मिळतो. थोडा मिळतो, पण त्यावर एकट्यावर विसंबू नका. घरगुती खर्चाचा जो राष्ट्रीय सर्व्हे होतो त्यात शहरी घराच्या महिन्याच्या खर्चात चहा-नाश्ता, पेयं, तयार आणि प्रोसेस्ड खाणं यांचा वाटा 2011-12 मध्ये साधारण 9 टक्के होता, 2023-24 मध्ये तो 11 टक्क्यांच्या आसपास गेला. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्याच काळात घरात शिजणाऱ्या धान्याचा वाटा खाली गेला हे सोबत ठेवलं की दिशा कळते. फक्त हा आकडा सगळ्या देशाच्या शहरांचा आहे, तो तुम्हाला खामल्याचा चौक की त्रिमूर्तीनगरचा चौक हे सांगणार नाही. 2011 च्या जनगणनेत लोक कामाला किती लांब आणि कशानं जातात हे विचारलं होतं, फार चांगला तक्ता आहे तो, पण तेव्हा नागपुरात मेट्रोचा पत्ता नव्हता, आणि पुढची जनगणना आता 2027 मध्ये. त्यामुळं मधल्या काळातलं तुम्हालाच उभं राहून मोजावं लागतं.

वापरता येण्यासारखी एक गोष्ट मात्र घरबसल्या मिळते आणि ती म्हणजे महारेराची वेबसाइट. बिल्डरला प्रोजेक्ट नोंदवताना किती फ्लॅट आणि काम कधी पूर्ण होणार ती तारीख द्यावी लागते. म्हणजे आजपासून दोन-तीन वर्षांनी एखाद्या वस्तीत किती घरं येणार हे आजच लिहून ठेवलेलं असतं. भविष्य सांगणारं यापेक्षा सरळ कागद दुसरा नाही, आणि तरीही गाळे घेणारे दहातले नऊ जण तो उघडून बघत नाहीत, काय बोलावं बाप्पा.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. आकडे मी समजावायला धरलेत, पद्धत खरी आहे. समजा बेलतरोडीच्या बाजूला एका रस्त्यावर तुम्हाला पोळी-भाजी केंद्र टाकायचंय. पोळी-भाजी का, तर जाण्यायेण्याची वेळ बदलली की पहिला फटका रात्रीच्या पोळ्यांना बसतो. नवराबायको दोघं सहा वाजता घरी यायचे तोवर कणीक घरात मळली जाते. तेच दोघं रात्री आठ-सव्वाआठला येऊ लागले, लांबच्या ऑफिसमुळं म्हणा की ट्रॅफिकमुळं म्हणा, की वरण-भात कुकरला लागतो पण पोळ्या बाहेरून येतात. भाजी त्याच्यानंतर बाहेरून येते, आणि पूर्ण जेवण सगळ्यात शेवटी. हा क्रम मी तरी आजवर उलटा झालेला बघितला नाही.

तर एक किलोमीटरच्या आत महारेरावर सहा प्रोजेक्ट दिसतात, मिळून 600 फ्लॅट, काम संपायची तारीख सरासरी दोन वर्षांनंतरची. पहिली कात्री इथंच लावायची, एक वर्ष उशीर धरा. दुसरी कात्री, ताबा मिळाल्यावर सगळे लगेच राहायला येत नाहीत, काहींनी गुंतवणूक म्हणून घेतलेले असतात, काहींच्या मुलांची शाळा दुसरीकडं असते. पहिल्या वर्षी निम्मे धरा, 300 घरं. तिसरी कात्री, यातल्या किती घरांतून दोघं कामाला बाहेर पडतात? हे अंदाजानं नाही ठरवायचं, शेजारच्या आधीच वसलेल्या सोसायटीच्या गेटवर तीन सकाळी साडेसात ते दहा उभं राहायचं, वॉचमनशी दोस्ती केली तर तोच सांगतो. समजा शंभर घरांमागं 35 घरांतून दोघं निघतात. म्हणजे आपल्या हाती 105 घरं. चौथी कात्री, यातली रोज किती घरं पोळ्या विकत घेतील? समजा चारातलं एक. म्हणजे 26 घरं. एका घराचं बिल, आठ पोळ्या आणि एक भाजी, 150 रुपये धरा. रोजचे 3,900, महिन्याचे 26 दिवस, गल्ला साधारण 1 लाख 1 हजार.

ऐकायला छान वाटतं, नाही का? आता खर्च. सामान-सुमानात गल्ल्याचे 45 टक्के जातात, म्हणजे 45-46 हजार. उरले 55-56 हजार. गाळ्याचं भाडं 18 हजार, पोळ्या करणाऱ्या दोन बाया प्रत्येकी 12 हजार, गॅस, लाइट, पॅकिंग, बाकीचं धरून 8 हजार. 50 हजार गेले. हातात पाच-सहा हजार. इतक्यासाठी कोणी रोज बारा तास उभं राहत नाही.

म्हणजे धंदा नाहीच का? आहे, पण गाळ्यात नाही. हाच धंदा कोणी आपल्या घरच्या स्वयंपाकघरातून केला तर भाड्याचे 18 हजार वाचतात, दोनाच्या जागी एकच बाई ठेवून दुसरीचं काम स्वतः केलं की आणखी 12 हजार, म्हणजे महिन्याला पस्तीस हजाराच्या आसपास उरतात. म्हणून भाकीत असं निघतं की ताबा मिळाल्याच्या पहिल्या वर्षी इथं पोळी-भाजी घरगुती सुरू होणार. मग पुढच्या वर्षा-दोन वर्षांत 600 पैकी 70 टक्के फ्लॅट भरले की घरं होतात 420, दोघं कमावणारी 147, रोज घेणारी 37, गल्ला 1 लाख 44 हजार, सामान वजा जाता 79 हजार, त्यातून तेच 50 हजार गेले की 29 हजार हातात. आता गाळा परवडतो. म्हणजे आजपासून दोन वर्षं बांधकाम, एक वर्ष उशीर, आणि वर्ष-दीड वर्ष वस्ती भरायला, चौथ्या-पाचव्या वर्षी इथं पोळी-भाजीचं शटर उघडेल. तुम्ही आज गाळा घेतलात तर तीन वर्षं रिकामं भाडं भराल, आणि पाचव्या वर्षी घ्यायला गेलात तर ती घरगुती बाई तुमच्या आधी तिथं गेलेली असेल, तिची गिऱ्हाइकं घेऊन.

या अख्ख्या हिशोबात सगळ्यात कच्चा आकडा कोणता, तर चारातलं एक घर हा. तो सहातलं एक झाला की महिन्याला 29 हजार उरायचे ते बदलून दोन-तीन हजार राहतात, गाळा कधीच परवडत नाही. फ्लॅट मोजता येतात, गेटवर माणसं मोजता येतात, पण लोक पोळ्या विकत घेतील का हे कसं ओळखायचं? इथं मी बघतो स्वयंपाकाच्या बाईंकडं. कारण पोळी-भाजी केंद्राची खरी स्पर्धा दुसऱ्या केंद्राशी नसते, घरी येऊन पोळ्या लाटून जाणाऱ्या बाईंशी असते. जोवर संध्याकाळी साडेसहा ते आठ या वेळेला बाई सहज मिळते तोवर लोक बाहेरून पोळ्या घेत नाहीत, घरची गरम पोळी कोणाला नको आहे. पण एकेका बाईकडं संध्याकाळची सगळी घरं भरली, नवीन घराला ती "सकाळीच येईन" म्हणायला लागली, आणि महिन्याचे पैसे दोनदा वाढले, की समजायचं पाणी काठाला लागलं. चार-पाच सोसायट्यांत विचारलं की हे एका संध्याकाळी कळतं. सोबत किराणा दुकानात तयार इडली-डोशाचं पीठ ठेवायला लागलेत का, आणि ते कोणत्या वेळेला संपतं हेही विचारून घ्यायचं. रात्री आठनंतर संपत असेल तर उशिरा घरी येणारी माणसं वाढलीत.

डिलिव्हरीवाल्या पोरांवरून अंदाज बांधणारेही खूप भेटतात, तिथं जरा जपून. रात्री आठ वाजता एखाद्या चौकात पंधरा-वीस बाइक उभ्या दिसल्या की लोकांना वाटतं इथं खाणारे खूप. उलट आहे ते. पोरं उभी राहतात जिथून ऑर्डर उचलायची असते तिथं, म्हणजे किचन जिथं जास्त आहेत तिथं. खाणारा तीन-चार किलोमीटर लांब सोसायटीत बसलेला असतो. त्या चौकात क्लाउड किचन टाकायचं असेल तर हा इशारा बरोबर आहे, मागच्या गल्लीतला स्वस्त गाळाही चालतो त्याला. पण बसून खायचं रेस्टॉरंट टाकायचं असेल तर याचा काही उपयोग नाही.

मोजायचं कधी हाही मोठा प्रश्न आहे नागपुरात. मे महिन्यात मोजलं तर पंचेचाळीस डिग्रीत दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही आणि कॉलेजं बंद, सगळे आकडे पडलेले दिसतील. डिसेंबरात विधानसभेचं हिवाळी अधिवेशन असलं की बर्डी, सिव्हिल लाइन्स, आमदार निवासाच्या बाजूला बाहेरची माणसं, पोलीस, मोर्चे, आणि पोह्याचे ठेले दुप्पट. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात लाखो लोक येतात. श्रावणात सावजीवाल्याकडं बघून मटणाच्या धंद्याचा निकाल लावला तर चुकणारच. जुलै-ऑगस्टच्या कामाच्या दिवसांत एकदा, शाळा-कॉलेज सुरू असताना, आणि मग जानेवारी-फेब्रुवारीत एकदा, असं मोजलं तर साधारण खरं चित्र येतं. मंगळवार, बुधवार, गुरुवार बघायचे. ज्या कंपन्यांत आठवड्यातले तीन दिवसच ऑफिसला बोलावतात तिथं सोमवार आणि शुक्रवार खाली जातात, आणि पाच दिवसांचा धंदा धरून गाळा घेतलेला माणूस तीन दिवसांच्या गिऱ्हाइकावर भाडं भरत बसतो. शिवाय मोठ्या आयटी कंपनीत आत कॅन्टीन असतं, हजारो माणसं आत गेली तरी दुपारचं जेवण बाहेर येत नाही. कॅम्पसबाहेर दुपारच्या थाळीवर पैसे लावण्याआधी गेटवर एक ते दोन उभं राहा, बाहेर किती पडतात ते बघा.

मेट्रोच्या मोठ्या आकड्यांनीही लोक फसतात. 1 जानेवारी 2023 ला नागपूर मेट्रोनं एका दिवसात 2 लाख प्रवाशांचा टप्पा ओलांडला. पण तो नवीन वर्षाचा दिवस होता आणि मेट्रोचा पहिला टप्पा जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी, 11 डिसेंबर 2022 ला पूर्ण सुरू झाला होता, पोरंबाळं घेऊन फिरायला निघालेली माणसं होती ती. फिरायला आलेला माणूस आइस्क्रीम घेतो आणि जातो, पुन्हा येईलच असं नाही. सवय म्हणजे तोच माणूस, त्याच वेळेला, आठवड्यातून चार दिवस. आणि सवयीचं घड्याळ उद्घाटनाच्या दिवशी सुरू होत नाही. खापरी ते बर्डी मेट्रो मार्च 2019 मध्ये सुरू झाली, ज्यांनी तिथून तीन वर्षं मोजून 2022 ला स्टेशनजवळ धंदा उभा राहील असं धरलं त्यांचा हिशोब कोविडनं उधळला, लोक घरीच बसले, सवय लागायला सुरुवातच 2022 मध्ये झाली. म्हणून मी तारीख धरतो ती त्या दिवसापासून जेव्हा स्टेशनखाली टू-व्हीलरचं पार्किंग साध्या मंगळवारी सकाळी दहाच्या आत भरायला लागतं.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, जी गाळा विकणारे कधीच सांगत नाहीत. मेट्रोच्या पहिल्या टप्प्याची चार टोकं आहेत, खापरी, ऑटोमोटिव्ह चौक, लोकमान्यनगर आणि प्रजापतीनगर. शेवटच्या स्टेशनवर धंदा चांगला चालतो कारण तिथं पुढं जाणाऱ्या प्रत्येकाला उतरून वाहन बदलावंच लागतं, पुढं बुटीबोरीला जायचं असेल, कन्हानला, हिंगण्याला, की कापसीच्या ट्रान्सपोर्टनगरकडं. बदलताना थांबणं होतं आणि थांबलं की खाणं होतं. पण दुसऱ्या टप्प्याला केंद्रानं डिसेंबर 2022 मध्ये मंजुरी दिली, 43.8 किलोमीटर, आणि त्यात हीच चारही टोकं पुढं वाढणार आहेत. एका बाजूनं बुटीबोरी, दुसरीनं कन्हान, तिसरीनं हिंगणा, चौथीनं ट्रान्सपोर्टनगर. ज्या दिवशी गाडी पुढं जाईल त्या दिवशी आजचं टोक मधलं स्टेशन होईल, वाहन बदलणारी माणसं डब्यातच बसून राहतील आणि थांबण्याची जागा काही किलोमीटर पुढं सरकेल. मधल्या स्टेशनला फक्त आजूबाजूला राहणारी आणि काम करणारी माणसं उरतात.

याचा अर्थ आजच्या टोकावर धंदा करू नका असा नाही. करा, पण कमी सामानात करा, ठेला, फूड ट्रक, किंवा अकरा महिन्यांचा करार, भिंतींवर पैसे लावू नका आणि नऊ वर्षांच्या कागदावर सही करू नका. खापरीला तर मिहान शेजारीच असल्यामुळं टोक सरकल्यावरही थोडी माणसं राहतील, तिथं धोका कमी. जिथं शेजारी नोकरीची जागा नाही आणि वस्तीही विरळ आहे त्या टोकाला धोका जास्त. तुमच्या टोकावर उतरणाऱ्यांपैकी किती पायी निघून जातात आणि किती पुढच्या बसकडं, शेअर ऑटोकडं जातात एवढं तीन सकाळी मोजा. पायी जाणारे तुमचे, ते गाडी पुढं गेल्यावरही उतरतील. ऑटोकडं जाणाऱ्यांवर गाळ्याचं भाडं धरायचं नाही. शंभरातले सत्तर ऑटोकडं जात असतील तर उरलेल्या तीसच माणसांवर वरचा पोळी-भाजीसारखा हिशोब मांडा, त्यात भाडं निघालं तरच चावी घ्या. आणि नवीन टोक कुठं येणार ते आत्ताच ठाऊक आहे, तिथल्या चौकात आज शेअर ऑटो कुठं उभे राहतात आणि चहाचे ठेले किती टिकलेत ते जाऊन बघायला काही भाडं लागत नाही.